कोरं पान कधी घ्यायचं? वाढीव बजेट आणि झिरो-बेस्ड बजेट

एखाद्या विभागाचं बजेट तुमच्याकडे तपासायला आलं, तर आकडे वाचण्याआधी एक करा. कुठल्याही सेलवर क्लिक करून वरचा फॉर्म्युला बघा. तिथे हे दिसलं, तर ते बजेट कसं तयार झालं ते तुम्हाला कळलं:

```
=C5*1.06
```

C5 म्हणजे मागच्या वर्षीचा आकडा, त्यावर ६ टक्के. हे वाढीव बजेट, ऑफिसच्या भाषेत इन्क्रिमेंटल. यात वावगं काही नाही. जगातली बहुतेक बजेटं अशीच बनतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. यात मागचा खर्च योग्य होता असं गृहीत धरलेलं असतं आणि चर्चा होते ती फक्त वरच्या ६ टक्क्यांवर. खालच्या १०० ला कोणी हात लावत नाही. दरवर्षी ६ टक्के म्हणजे चार वर्षांत १०० चे १२६ होतात, आणि त्या १२६ मधलं नेमकं काय अजून लागतं हे विचारायची वेळ कधी येतच नाही.

झिरो-बेस्डमध्ये नेमकं उलट असतं. मागचा आकडा बाजूला ठेवायचा आणि प्रत्येक काम आज पहिल्यांदाच सुरू करतोय असं समजून त्याचा खर्च मांडायचा. ऐकायला हे इतकं शहाणपणाचं वाटतं की नवखा माणूस सगळ्याच विभागांना ते लावायला निघतो. मीही निघालो होतो. अकरा विभाग, हातात तीन आठवडे, आणि प्रत्येकाला भरायला दिलेले फॉर्म. फॉर्म आले, भरपूर आले. ते वाचायला कोणाकडे वेळ नव्हता. शेवटच्या दोन दिवसांत सगळ्यांनी मिळून मागच्या वर्षीचा आकडा घेतला आणि त्यावर टक्का चढवला.

ही पद्धत जिथून पुढे आली तिथेही ती सगळ्या खर्चाला लावलेली नव्हती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत पीटर पायर यांनी १९७० च्या बजेटसाठी ती वापरली, ती मुख्यतः संशोधन आणि सहाय्यक विभागांपुरती. थेट उत्पादनाचा खर्च बाहेर ठेवला. कारण सरळ आहे. एका वस्तूला किती माल लागतो, किती मजुरी लागते हे आधीच मोजलेलं असतं. तिथे कोऱ्या पानावर ठरवायला काही उरत नाही. पायर यांचा याविषयीचा लेख वाचून जिमी कार्टर यांनी अमेरिकेतल्या जॉर्जियाचे राज्यपाल असताना त्या राज्याच्या सरकारात ही पद्धत आणली, आणि तिथे तिची व्याप्ती सगळ्या खात्यांवर गेली. प्रस्ताव हजारोंनी तयार झाले. राज्यपालाने रोज तासन्‌तास बसून वाचले तरी संपणार नाहीत इतके. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर कार्टर यांनी ती अमेरिकेच्या केंद्र सरकारातही आणली आणि १९८१ मध्ये रेगन प्रशासनाने ती बंद केली.

म्हणून या लेखात एकच विभाग घेतो आणि तो शेवटपर्यंत नेतो.

विभाग कसा निवडायचा

कोरं पान तिथेच घ्यावं जिथे ते भरताना खरोखर वेगळं काही लिहिता येईल. भाडं, कर्जाचं व्याज, कायद्याने भरावी लागणारी देणी यांचं झिरो-बेस्ड करण्यात वेळ घालवू नका. करार किंवा कायदा बदलत नाही तोवर आकडा तोच येणार. तिथे वाढीव बजेटच योग्य.

मला विभाग निवडताना तीन खुणा उपयोगी पडतात. एक, कामाचं स्वरूप बदललंय पण खर्चाची रचना तीच आहे. दोन, एखादा मोठा खर्च ज्याने मंजूर केला तो माणूस आता तिथे नाही आणि ‘हे का घेतलं होतं?’ या प्रश्नाला ‘आधीपासूनच आहे’ एवढंच उत्तर मिळतं. तीन, येत्या वर्षात एखाद्या मोठ्या कराराचं नूतनीकरण आहे. तिसरी खूण लोक विसरतात. करार नुकताच तीन वर्षांसाठी झाला असेल तर कोऱ्या पानावर कितीही सुंदर विचार करा, पैसे जायचे ते जाणारच.

आपल्या उदाहरणात एक ग्राहक सेवा विभाग घेऊ. बारा माणसं, मागच्या वर्षीचा एकूण खर्च १०० धरू, म्हणजे प्रत्येक आकडा टक्क्यासारखा वाचता येईल. पगार ५४, रात्रीचे फोन घेणाऱ्या बाहेरच्या कंपनीचा करार १८, सॉफ्टवेअरचे परवाने १०, फोनची गुणवत्ता तपासणारी बाहेरची एजन्सी ७, प्रशिक्षण ६, किरकोळ ५. वाढीव पद्धतीने पुढच्या वर्षी १०६. काम दहा मिनिटांचं.

पहिली पायरी: हेड सोडा, कामं लिहा

लेजरमध्ये खर्च ‘पगार’, ‘परवाने’, ‘प्रशिक्षण’ असा दिसतो. त्यावरून ‘पगार कमी करा’ एवढंच म्हणता येतं, आणि ते निरुपयोगी आहे. विभाग पगार देण्यासाठी नसतो, काही कामं करण्यासाठी असतो. म्हणून आधी कामांची यादी: दिवसाचे फोन, रात्रीचे फोन, ईमेल, गुंतागुंतीच्या तक्रारींचा तपास, गुणवत्ता तपासणी, प्रशिक्षण. सहा-सात कामं पुरतात. पंचवीस लिहिलीत तर पुढे मांडणी करताना गुदमराल.

मग पगार या कामांवर वाटायचा. इथे मॅनेजरच्या अंदाजावर विसंबू नका. तो नेहमी जे महत्त्वाचं वाटतं त्याला जास्त वेळ देतो. दोन आठवडे प्रत्येकाला साधी नोंद ठेवायला सांगा, कुठल्या कामाला किती तास. आपल्या विभागात असं निघालं: ७ जण फोनवर, ३ ईमेलवर, २ तक्रारींवर.

दुसरी पायरी: खर्च कशामुळे लागतो ते मोजा

खरी मेहनत इथे आहे, आणि बहुतेक झिरो-बेस्ड बजेटं इथेच खोटी पडतात. प्रत्येक कामाला एक मोजमाप हवं, ज्याच्याबरोबर खर्च वरखाली होतो. फोनसाठी ते म्हणजे महिन्याचे कॉल गुणिले प्रत्येक कॉलला लागणारी मिनिटं.

महिन्याला दिवसाचे ७,२०० कॉल. प्रत्येकाला नंतरची नोंद धरून ६ मिनिटं. म्हणजे ४३,२०० मिनिटं, ७२० तास. आता एक माणूस किती तास देतो? पगार १६० तासांचा, पण रजा, मीटिंगा, प्रशिक्षण, विश्रांती वजा केल्यावर हातात राहतात सुमारे १२०. नवखे लोक १६० ने भागतात आणि साडेचार माणसं पुरतील असं काढतात. ती चूक करू नका.

आणखी एक गोष्ट. कॉल रांगेत शिस्तीने येत नाहीत, झुंडीने येतात. माणसं शंभर टक्के वेळ फोनवर असतील तर झुंड आली की रांग लागते आणि लोक फोन ठेवून देतात. म्हणून १२० पैकी साधारण ८० टक्के, ९६ तासच फोनचे धरायचे. ७२० भागिले ९६, म्हणजे साडेसात माणसं. आहेत सात. कोऱ्या पानाने पहिल्याच कामात सांगितलं की इथे माणूस कमी आहे! झिरो-बेस्ड म्हणजे कपात असं ज्यांना वाटतं, त्यांना हा भाग मुद्दाम दाखवावा.

ईमेलचं वेगळं. महिन्याला २,७०० ईमेल, प्रत्येकी ५ मिनिटं, २२५ तास. ईमेल तासभर थांबलं तरी चालतं, त्यामुळे तिथे २० टक्क्यांची सवलत सोडावी लागत नाही. दोन माणसांचे २४० तास पुरतात. आहेत तीन. म्हणजे एक माणूस ईमेलवरून फोनवर न्यायचा. एकूण बाराचे बाराच. वाढीव बजेटमध्ये पगाराचं हेड ५४ चं ५७ झालं असतं आणि ही गोष्ट कधी दिसलीच नसती, कारण पगाराच्या ओळीत काही बदलतच नाही.

परवान्यांसाठी मोजमाप म्हणजे प्रत्यक्ष लॉगिन. सिस्टिमच्या ॲडमिनकडून गेल्या ९० दिवसांची यादी मागवा. पैसे ४० परवान्यांचे जातात, लॉगिन केलं २२ जणांनी. दोन जास्तीचे ठेवून २४. खर्च १० वरून ६.

आणि रात्रीचा करार. तो झाला तेव्हा रात्रीचे कॉल बरेच होते, म्हणून महिन्याला ३,००० कॉलची किमान हमी लिहिली गेली. आता कॉल येतात ७००. उरलेल्यांचे पैसे न आलेल्या कॉलचे. बिल दर महिन्याला तेवढंच असतं, म्हणून हिशेब खात्यात कोणाची भुवई वर गेली नाही. वाढीव बजेटमध्ये लक्ष जातं ते बदललेल्या आकड्याकडे. स्थिर आकडा नजरेतून सुटतो.

तिसरी पायरी: प्रत्येक कामाचे दोन-तीन स्तर

या पद्धतीचा गाभा इथे आहे. प्रत्येक काम ‘करायचं की नाही’ असं विचारायचं नाही, तर ‘किती करायचं’ असं विचारायचं. आधी किमान स्तर: ज्याच्या खाली गेलं तर ते काम करण्यालाच अर्थ नाही. त्यावर एकेक भर. प्रत्येक भरीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: जास्तीचा खर्च, त्यातून मिळणारी गोष्ट, आणि ती नाकारली तर नक्की काय होईल. याला निर्णय-पुडकं म्हणू.

रात्रीच्या फोनचं उदाहरण घ्या. ७०० कॉल ऐकून त्यांची वर्गवारी केली तर १५० च्या आसपास खरोखर तातडीचे निघाले. बाकीच्यांना सकाळी उत्तर मिळालं असतं तरी चाललं असतं. किमान स्तर: रेकॉर्ड केलेला संदेश आणि तातडीच्या फोनसाठी आळीपाळीने एक माणूस, खर्च ५. पुढची भर: बाहेरच्या कंपनीशी कमी हमीचा नवा करार, आणखी ४, सगळे कॉल माणूस घेतो. शेवटची भर: आहे तोच करार, आणखी ९. त्या ९ मधून जास्तीचं काय मिळतं, ही ओळ मॅनेजरला भरता आली नाही. पुडक्यांचा उपयोग हाच.

दिवसाच्या फोनचा किमान स्तर ६ माणसं. परिणामाच्या रकान्यात स्पष्ट लिहायचं: ६ माणसांचे तास ७२० आणि काम ७२०, श्वास घ्यायला जागा नाही, गर्दीच्या वेळी बरेच लोक फोन ठेवून देतील. ‘सेवेवर प्रतिकूल परिणाम होईल’ असलं वाक्य आलं तर पुडकं परत पाठवा.

चौथी पायरी: क्रम लावा आणि रेघ मारा

सगळी पुडकी एका यादीत, सर्वांत आवश्यक वर. दर मागच्याच वर्षीचे ठेवा, पगारवाढ शेवटी एकदाच लावू. नाहीतर काम बदलल्यामुळे काय झालं आणि दर बदलल्यामुळे काय, हे वेगळं दिसत नाही.

| पुडकं | खर्च | एकूण |
|---|---|---|
| दिवसाचे फोन, ६ माणसं | २७ | २७ |
| तक्रारींचा तपास, २ माणसं | ९ | ३६ |
| ईमेल, २ माणसं | ९ | ४५ |
| परवाने, २४ | ६ | ५१ |
| रात्र, किमान | ५ | ५६ |
| दिवसाचे फोन, ७ वा आणि ८ वा माणूस | ९ | ६५ |
| नव्या लोकांचं प्रशिक्षण आणि ज्याचा हिशेब लागतो ते किरकोळ | ५ | ७० |
| रात्र, कमी हमीचा करार | ४ | ७४ |
| गुणवत्ता तपासणी घरच्या घरी, आणि उजळणी प्रशिक्षण | ४ | ७८ |
| बाहेरच्या कार्यशाळा | २ | ८० |
| गुणवत्ता तपासणी एजन्सीकडून | ५ | ८५ |
| रात्र, आहे तोच करार | ९ | ९४ |

पहिल्या १०० पैकी ६ या यादीत आलेच नाहीत: न वापरलेले परवाने ४ आणि किरकोळमधले २, ज्यांचं नाव कोणाला सांगता आलं नाही.

रेघेच्या वरची पुडकी मंजूर, खालची नाहीत. ती कुठे मारायची हे यादी सांगत नाही, वरिष्ठ ठरवतात. समजा ७८ वर मारली. तिथून आता खरं बजेट. बाराही माणसं राहिली, त्यांच्या ५४ वर ८ टक्के पगारवाढ, ४.३. रात्रीच्या करारातून बाहेर पडायला तीन महिन्यांची नोटीस, म्हणजे एक तिमाही जुन्याच दराने: सुमारे २.२५ जास्त. एकूण साधारण ८४.५. नोटिशीचा खर्च पहिल्या वर्षी धरायला लोक विसरतात आणि मग पहिल्याच तिमाहीत बजेट फुटलं म्हणून ओरड होते.

८४.५ विरुद्ध १०६. फरक देखणा आहे, पण तो कुठून आला ते बघा. निम्म्याच्या आसपास एकट्या रात्रीच्या करारातून आणि परवान्यांतून. कोऱ्या पानाचा फायदा सगळ्या ओळींवर थोडा थोडा पसरलेला नसतो, दोन-तीन ओळींत साठलेला असतो. तुमच्या विभागात अशी एकही ओळ आधीच संशयास्पद वाटत नसेल, तर सहा आठवड्यांची ही मेहनत कदाचित वसूल होणार नाही.

फसवणूक कशी ओळखायची

सर्वांत जुनी खेळी म्हणजे ज्याला कोणी हात लावणारच नाही ते काम यादीत मुद्दाम तळाशी टाकायचं. तातडीचे रात्रीचे फोन शेवटच्या ओळीत, आणि बाहेरच्या कार्यशाळा चौथ्या. मॅनेजरला माहीत असतं की रेघ खाली ओढावीच लागेल आणि वाटेतलं सगळं आपोआप मंजूर होईल. यादी तळापासून वर वाचा. तळाची ओळ काढली तर ग्राहक दारात उभे राहतील असं वाटलं, तर क्रम खोटा आहे.

दुसरी खूण: सगळ्या कामांचा किमान स्तर आजच्या खर्चाच्या ८५ टक्केच. फोनचाही ८५, प्रशिक्षणाचाही ८५. याचा अर्थ कोणी काही मोजलं नाही, कॅल्क्युलेटर चालवला. खऱ्या यादीत रात्रीच्या कामाचा किमान स्तर २८ टक्क्यांवर येतो आणि तक्रारींचा शंभरवर राहतो.

तिसरी गोष्ट फसवणूक नाही, पद्धतीचीच मर्यादा आहे. ज्याचा परिणाम याच वर्षी दिसत नाही ते काम यादीत घसरतं: उजळणी प्रशिक्षण, यंत्रांची देखभाल, संशोधन. ‘नाकारलं तर काय होईल?’ याचं प्रामाणिक उत्तर ‘यंदा काहीच नाही’ असंच असतं. म्हणून अशा पुडक्यांपुढे मी परिणामाचा दुसरा रकाना ठेवतो, तीन वर्षांनंतरचा. तो भरताना थोडा अंदाज चालतो, पण रिकामा राहिला तर देखभाल दरवर्षी कापली जाते.

पुढच्या वर्षी काय

पुढच्या वर्षी याच विभागाचं पुन्हा कोरं पान करू नका. मोजमापं ताजी आहेत, तीच वापरून वाढीव बजेट करा. फक्त टक्क्यांऐवजी कॉलच्या संख्येने. मी साधारण तीन ते पाच वर्षांत प्रत्येक विभागाची पाळी येईल असा क्रम ठेवतो, एका वर्षी एक किंवा दोन. सुरुवात बजेट वर्षाच्या सहा महिने आधी, कारण करारांच्या नोटिशींच्या तारखा बजेटची वाट बघत नाहीत.

फाइलमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी एक रकाना जोडा आणि तो कशावरून आला ते लिहा: ‘७,२०० कॉल, ६ मिनिटं, ९६ तास’. दिवसाचे कॉल ६,५०० च्या खाली किंवा ८,००० च्या वर गेले, किंवा रात्रीचा नवा करार संपायला सहा महिने उरले, तर हा विभाग पाळी येण्याआधीच पुन्हा उघडायचा, हेही तिथेच लिहून ठेवा. ती फाइल उघडणारा पुढचा माणूस बहुधा तुम्ही नसाल.